अकरा तारखेची पहाट

पश्चिम महाराष्ट्रात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालायचं, फॅट आणि एसएनएफ मोजून जो दर बसेल त्याची पावती घ्यायची आणि दहा दिवसांनी बिल पाहायचं. अशाच एका दूध संघाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. आधी ते सांभाळणारा सहकारी नोकरी बदलत होता. जाताना त्याने मला चौदा पानांचं टिपण दिलं. आपल्याकडच्या कंपन्यांत ज्याला ‘केटी’ म्हणतात, तीही नीट झाली. चार बैठका झाल्या, त्यांची रेकॉर्डिंगं झाली आणि शेवटी ‘सगळं समजलं’ अशी माझी सहीसुद्धा झाली.

तिसऱ्या महिन्यात संघाने अकरा तारखेपासून गायीच्या दुधाचा दर लिटरमागे दोन रुपयांनी वाढवला. बिलं निघाली आणि बारा तारखेला एका गावच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “साहेब, अकरा तारखेला पहाटे लवकर आलेल्यांना जुनाच दर लागलाय. सातनंतर आलेल्यांना नवा. आणि ते दूध गेलंय दहा तारखेच्या बिलात. पावतीवर मात्र तारीख आणि दर दोन्ही बरोबर आहेत.” दहा लिटर घालणाऱ्याचे वीस रुपये कमी आले होते. रक्कम लहान होती, पण पावती एक सांगते आणि बिल दुसरंच, असं झालं की लोकांना वजनकाट्यावरही संशय यायला लागतो.

कारण सापडायला मला दीड दिवस लागला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. अकरा तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी दहा तारखेच्या रात्री अकरा चाळीसचं होतं. साडेपाचच्या आत आलेल्या प्रत्येकाचं सकाळचं दूध रोजच आदल्या दिवशी नोंदलं जात होतं. केंद्रावरचं यंत्र पावती स्वतःच्या घड्याळावर छापायचं, म्हणून ती बरोबर होती. बिल मात्र सर्व्हर काढायचा. चूक पायथनच्या एका ओळीत होती:

```python
day = entry.recorded_at.date()             # यूटीसी तारीख
day = timezone.localdate(entry.recorded_at)  # हवी होती ती, भारतीय तारीख
```

इतके दिवस ती कुणाला दिसली कशी नाही, याचं उत्तर मला आजही महत्त्वाचं वाटतं. दहा दिवसांच्या बिलात एका उत्पादकाच्या वीस नोंदी हव्यात. रोज पहाटे पाचला येणाऱ्याची एक तारखेची सकाळ मागच्या बिलात गेलेली असायची आणि अकरा तारखेची सकाळ या बिलात आलेली असायची. त्यामुळे नोंदी वीसच भरायच्या. रोज एक सकाळ आणि एक संध्याकाळ असा हिशोबही जमायचा. एकूण लिटरांत थोडाफार फरक पडायचा, पण दहा दिवसांचं लिटर कुणाच्या डोक्यात नसतं. चूक फक्त दोन ठिकाणी उघडी पडायची. एक तर दर बदलला तर. दुसरं म्हणजे एखादा माणूस कधी पाचला आणि कधी सहाला येत असेल तर, कारण मग एका तारखेला त्याच्या दोन सकाळी दिसायच्या आणि दुसऱ्या तारखेला एकही नाही.

मी आधीच्या सहकाऱ्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, “अरे हो, दर बदलला की मी ती स्क्रिप्ट चालवतो ना, तारखा सरळ करणारी.” ती स्क्रिप्ट त्याच्या लॅपटॉपवर होती. कंपनी सोडताना लॅपटॉप परत गेला आणि पुसला गेला. त्याने काहीच लपवलं नव्हतं. दर वर्षातून दोन-तीनदाच बदलायचा आणि स्क्रिप्ट चालवायला दोन मिनिटं पुरायची. सवयीच्या गोष्टी टिपणात येत नाहीत, कारण लिहिणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

त्या चौदा पानांपैकी चार पानं फोल्डरांच्या यादीची होती.

निघणाऱ्या डेव्हलपरच्या टिपणाने नेमकं काय पोचवायचं असतं आणि काय त्याला पोचवताच येत नाही, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे. या प्रश्नावर सर्वांत मूलगामी लेखन डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 साली केलं. त्यांचा मुद्दा असा, की प्रोग्राम म्हणजे फक्त कोड आणि कागदपत्रं नव्हेत. प्रोग्रामरच्या डोक्यातली त्याविषयीची समज हाच त्याचा गाभा असतो. बाहेरच्या जगातली कोणती गोष्ट कोडमध्ये कुठे उतरली, ती तशीच का उतरवली आणि उद्या नवी मागणी आली तर ती कुठे बसेल, हे सांगता येणं म्हणजे ती समज. नाउर यांनी एका कंपायलरचं उदाहरण दिलं आहे. एका गटाने तो बनवला. दुसऱ्या गटाला तो दुसऱ्या संगणकासाठी वाढवायचा होता. त्यांच्या हाती पूर्ण कोड होता, भरपूर लेखी माहिती होती, शिवाय पहिल्या गटाचा सल्लाही होता. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेल्या बदलांत पुन्हा पुन्हा असं दिसलं, की मूळ रचनेत आधीच असलेली सोय त्यांनी वापरलीच नाही आणि वरून ठिगळं लावली. पहिल्या गटाला ते पाहताक्षणी कळायचं. नाउर यांचा निष्कर्ष कठोर आहे: ती समज असलेली माणसं पांगली की प्रोग्राम चालत राहिला तरी मेलेला असतो, आणि कागदावरून तो पुन्हा जिवंत करता येत नाही.

मला हे बऱ्याच अंशी पटतं, पण पूर्ण नाही. नाउर म्हणतात ती समज माणसाकडून माणसाकडे सोबत काम करतानाच जाते, हे खरं आहे. पण पहाटेच्या दुधाचं जे झालं ते समजेच्या अभावाने झालं नव्हतं. ‘दर बदलला तर अमुक स्क्रिप्ट चालवा’ एवढी एक ओळ पुरली असती. म्हणजे समज आणि वस्तुस्थिती या दोन वेगळ्या चिजा आहेत. वस्तुस्थिती कागदावर पूर्ण उतरवता येते आणि ती उतरवलीच पाहिजे. समज अर्धीमुर्धीच उतरते. नोटीस पिरियडचे साठ किंवा नव्वद दिवस हाताशी असतात. त्यातला वेळ कुठे घालवायचा हे या फरकावर ठरतं.

रिपॉझिटरीच्या रचनेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक टिपणं तिथूनच सुरू होतात आणि तिथेच दमतात. फोल्डरांची यादी नव्या माणसाला `tree` हा आदेश दोन सेकंदांत देतो. हिशोबाचं काम `billing` मध्ये आहे हे त्या नावावरूनच कळतं. टिपणाने सांगायचं ते जे नावावरून कळत नाही ते. आमच्या रेपोत `rates` आणि `ratechart` असे दोन विभाग होते. पहिला चालू होता. दुसरा जुन्या दरपत्रकांसाठी होता आणि नवीन कोणी तो वापरत नव्हतं. पण मागच्या वर्षाचं बिल पुन्हा छापलं की त्याच्यातूनच दर काढला जायचा. हे माहीत नसलेला माणूस कधीतरी साफसफाईच्या उत्साहात `ratechart` उडवणार, सगळ्या चाचण्या हिरव्या येणार आणि मार्चअखेरीला लेखापरीक्षक जुनं बिल मागेल तेव्हा ते छापता येणार नाही. रचनेबद्दल एकच परिच्छेद लिहायची मुभा असेल तर मी याच विभागावर लिहीन.

कोणत्या फायलींवर खरं काम होतं हे शोधायला स्मरणशक्तीवर विसंबू नये. वर्षभरात सर्वांत जास्त वेळा बदललेल्या फायली गिट स्वतःच सांगतो:

```bash
git log --since="1 year ago" --format= --name-only \
  | sort | uniq -c | sort -rn | head -20
```

मी जेव्हा हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा वीस ओळींत सर्वांत वर बिल छापण्याचा साचा आणि कपातींची फाईल आली. पशुखाद्याची उचल, संस्थेची वर्गणी, कर्जाचा हप्ता यांच्या वजावटी तिथे होत. टिपणात या दोन्हींवर एकेकच ओळ होती. नवा माणूस पहिल्या महिन्यात जिथे हात घालणार तिथे टिपण दाट हवं, बाकी ठिकाणी विरळ असलं तरी चालतं.

आणि ‘का’ हा प्रश्न. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये एक साधी रीत सुचवली. प्रत्येक मोठ्या निर्णयाची पानभर नोंद रेपोतच ठेवायची: तेव्हाची परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्या निर्णयाची आजची स्थिती काय आणि त्याचे बरे-वाईट परिणाम काय. ही पद्धत चांगली आहे, पण ती निर्णय घेताना पाळायची असते. निघताना तीन वर्षांचे निर्णय आठवून लिहायला बसलं की माणूस नकळत त्यांना तर्कशुद्ध करून टाकतो. खरं कारण ‘त्या आठवड्यात संघाची निवडणूक होती आणि बिल दोन दिवसांत हवं होतं’ असं असतं, आणि कागदावर मात्र ‘कार्यक्षमतेसाठी’ असं उतरतं. येणाऱ्याला खरं कारणच उपयोगाचं असतं, कारण निवडणूक होऊन गेली आणि आता तो निर्णय बदलायला हरकत नाही, हे त्यालाच ठरवायचं असतं.

डिप्लॉयमेंटच्या भागावर मात्र जास्त थांबायला हवं. तिथली चूक काही मिनिटांत पैशांत दिसते.

1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या कंपनीने नवा कोड वापरात आणला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी काढलेल्या आदेशात तो सगळा प्रकार नोंदलेला आहे. कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तो सातांवरच चढला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासून पाहावं असा लेखी नियम नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. त्याचा वापर 2003 मध्येच थांबला होता, पण तो काढून टाकला नव्हता. नव्या कोडसाठी जो फ्लॅग वापरला तो पूर्वी पॉवर पेग सुरू करायला वापरला जायचा. शिवाय ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचं, हे मोजणारा भाग 2005 मध्ये दुसरीकडे हलवला गेला होता. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर न थांबता ऑर्डरी पाठवत सुटला. ग्राहकांच्या 212 ऑर्डरींच्या बदल्यात 45 मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला 46 कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

या घटनेचे दोन बारकावे हँडओव्हर लिहिणाऱ्याने मनावर घ्यावेत असे आहेत. पहिला: बाजार उघडण्याआधी त्या यंत्रणेने 97 ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. कुणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिलं नाही. दुसरा: गोंधळ थांबवायला लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरचा नवा कोड काढून टाकला. फ्लॅग तसाच होता, त्यामुळे जुना कोड आता आठही ठिकाणी जागा झाला आणि नुकसान वाढलं. मागे फिरणं नेहमी सुरक्षित असतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

आमचा सर्व्हर एकच होता, पण आठवा सर्व्हर आमच्याकडेही होता. वेबसाईट दाखवणारी प्रक्रिया वेगळी आणि बिलं काढणारी, मागे चालणारी प्रक्रिया वेगळी. दोन्ही एकाच फोल्डरातला कोड वापरायच्या, पण सुरू होताना वाचलेला कोड स्मृतीत धरून बसायच्या. जुन्या टिपणात ‘कोड ओढा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा’ एवढंच होतं. मी तसं केलं. वेबसाईट नवी झाली, आवृत्तीचा क्रमांक नवा दिसला आणि बिलं मात्र जुन्या कोडने निघत राहिली. तारखेची दुरुस्ती मी सोमवारी चढवली होती आणि पुढच्या बिलात ती दिसलीच नाही, ती यामुळे. त्यानंतर टिपणातला तो भाग असा झाला:

```bash
git fetch --tags && git checkout v3.8.2
pip install -r requirements.txt
python manage.py migrate --plan
python manage.py migrate
sudo systemctl restart gunicorn celery celerybeat
systemctl status gunicorn celery celerybeat
```

आदेश तेवढे महत्त्वाचे नाहीत. प्रत्येक आदेशाखाली आम्ही दोन गोष्टी लिहिल्या: काय दिसलं तर पुढे जायचं आणि काय दिसलं तर थांबायचं. `migrate --plan` ने ‘करण्यासारखं काही नाही’ असं सांगितलं आणि या आवृत्तीत टेबल बदललेलं असेल, तर चुकीची आवृत्ती ओढली गेली आहे, थांबा. शेवटच्या आदेशात तिन्ही प्रक्रियांची सुरू झाल्याची वेळ आत्ताची हवी. एकीची जरी कालची असली तरी ती आपला आठवा सर्व्हर. आणि सगळं झाल्यावर एका चाचणी-उत्पादकाचं बिल काढून पाहायचं. त्याच्या नोंदींत पहाटे पाचची एक नोंद मुद्दाम ठेवलेली आहे. ते बिल किती रुपयांचं यायला हवं तो आकडा टिपणातच आहे.

मागे फिरण्याबद्दलही वेगळं लिहावं लागतं. कोड मागे नेणं सोपं, कारण जुना टॅग ओढला की झालं. पण मधल्या बदलाने टेबलातला एखादा रकाना काढून टाकला असेल तर जुना कोड तो रकाना शोधतो आणि कोसळतो. रकाना पुन्हा तयार करता येतो, त्यातला मजकूर परत येत नाही. म्हणून आम्ही आवृत्त्यांची एक छोटी यादी ठेवली. कोणत्या आवृत्तीपासून मागे जाता येतं आणि कोणत्या आवृत्तीनंतर मागे न जाता पुढची दुरुस्ती करायची, हे त्यात लिहिलं. बिल निघण्याच्या दिवशी, म्हणजे एक, अकरा आणि एकवीस तारखेला, डिप्लॉयमेंट करायचं नाही हेही तिथेच लिहिलं. हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, म्हणून आधी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता ज्ञात धोके. या भागाची टिपणं बहुधा ‘बॅकअप नियमित तपासावेत’ अशा वाक्यांनी भरलेली असतात. त्या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. बॅकअपचं काय होऊ शकतं ते गिटलॅबच्या 31 जानेवारी 2017 च्या रात्री दिसलं. कंपनीने ती हकिकत मोकळेपणाने सगळ्यांपुढे मांडली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. थकलेल्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे तीनशे जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली तेव्हा चूक लक्षात आली. मग बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या 9.2 आवृत्तीच्या साधनाने घेतला जात होता आणि डेटाबेस 9.6 चा होता. साधन दर वेळी नकार देऊन बंद पडायचं. तशी सूचना ईमेलने जायची, पण ते ईमेल पत्त्याची खातरजमा होत नसल्यामुळे समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारले जायचे. वाचवलं ते एका योगायोगाने: त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती.

धोका कसा लिहावा हे मी या घटनेवरून शिकलो. बॅकअप घेतला जातो का, हा प्रश्न अपुरा आहे. शेवटचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडला कधी, त्याला किती वेळ लागला आणि त्यात शेवटची नोंद कोणत्या तारखेची होती, हे लिहायचं. आमच्या टिपणात आता ती तारीख, वेळ आणि उतरवणाऱ्याचं नाव आहे. धोक्याच्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात. काय बिघडू शकतं, ते बिघडलंय हे सर्वांत आधी कुठे दिसेल, दिसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, आणि आम्ही ते कायमचं का दुरुस्त केलं नाही. शेवटचं लिहायला माणसं कचरतात, कारण त्यात आपला आळस किंवा साहेबांचा नकार उघडा पडतो. पण ते नसलं तर नवा माणूस तेच दुरुस्त करायला जातो आणि ज्या भिंतीवर आपण आपटलो तिथेच आपटतो.

एक उदाहरण. आमचा सर्व्हर उबुंटूच्या 18.04 आवृत्तीवर होता आणि तो वर न्यायला हवा होता. पण शब्दांचा क्रम ठरवणारी लिनक्सची मूळ लायब्ररी, ग्लिबसी, हिच्या 2018 मधल्या 2.28 आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले. पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेल्या असतात. खालची प्रणाली नवी केली आणि अनुक्रमणिका तशाच ठेवल्या, तर नाव टेबलात असूनही शोधताना सापडत नाही. एकाच सभासदाची दोन खाती होऊ नयेत म्हणून घातलेली बंदीही फसू शकते. कसलाही त्रुटीसंदेश येत नाही. हे कळतं ते सचिव म्हणतात, “नाव आहे, पण सापडत नाही,” तेव्हा. उपाय एका आदेशाचा आहे, `REINDEX DATABASE`, पण तो चालू असताना काम थांबवावं लागतं आणि दोन पाळ्यांच्या संकलनात दिवसा मोकळे तास फक्त दुपारचे असतात. ‘प्रणाली जुनी आहे, अद्ययावत करावी’ असं लिहून मी निघून गेलो असतो, तर तो सल्लाच धोका ठरला असता.

निघणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावावर काय काय आहे, हा धोका त्याच्या शेवटच्या दिवशीच जन्माला येतो. खातं बंद झालं की त्या नावावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, आणि त्या लगेच थांबत नाहीत हीच अडचण. गिटहबवर वेळापत्रकाने चालणारी कामं घ्या. त्या वेळापत्रकात शेवटचा बदल करणारी व्यक्ती संस्थेतून काढली गेली तर ती कामं बंद पडतात. सर्व्हरवर माझ्या खात्याच्या क्रॉनमध्ये एखादं काम असेल तर तेही खात्याबरोबर जातं. डोमेनचं नूतनीकरण माझ्या कार्डावर असेल तर ते वर्षभराने उघडं पडेल. सुरक्षा प्रमाणपत्रांचं तर चक्र आता लहान होत चाललंय. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं जास्तीत जास्त नव्वद दिवसांची, आणि मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे त्यांचे ईमेल जून 2025 पासून बंद झाले. नूतनीकरण आपोआप होतंय असं समजून बसलेल्याला आता कुणी हटकणार नाही.

आमच्या कामातला असाच एक खास धोका एसएमएसचा होता. उत्पादकाला बिलाचा संदेश मराठीत जायचा. भारतात अशा संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात एक शब्द बदलला तरी संदेश वाटेतच अडतो. कोडमध्ये ‘रक्कम’च्या जागी ‘एकूण रक्कम’ केलं तर चाचण्या पास होतात, सर्व्हर ‘पाठवला’ म्हणतो आणि गावात कुणाच्याही फोनवर काही येत नाही. शिवाय देवनागरी संदेशात एका एसएमएसला काना-मात्रा धरून सत्तर चिन्हंच बसतात. एकाहत्तरावं आलं की दोन एसएमएसचे पैसे. नोंदणीच्या पोर्टलवर संघाच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर माझा होता. ओटीपी माझ्याकडे यायचा. हे मला नोटीस दिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आठवलं, तेही ओटीपी आला म्हणून.

पासवर्ड आणि किल्ल्या टिपणात लिहायच्या नाहीत. त्या कुठे ठेवल्या आहेत आणि त्या तिजोरीची परवानगी कोण देतं, एवढंच लिहायचं. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

मी ती नोकरी सोडली तेव्हा माझ्या जागी आलेली मुलगी पुण्यातच दुसऱ्या प्रकल्पावर तीन वर्षं काम केलेली होती. नव्वद दिवसांपैकी आम्हाला प्रत्यक्षात सहा आठवडे मिळाले. मी बैठका घेऊन समजावलं नाही. टिपणाचा कच्चा मसुदा पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात दिला आणि चाचणीच्या सर्व्हरवर तिला एकटीला डिप्लॉय करायला सांगितलं. मी मागे खुर्ची टाकून बसलो आणि ती जिथे थांबेल तिथे वेळ लिहून ठेवायचं ठरवलं. पहिल्या खेपेला ती सात ठिकाणी अडली. चार ठिकाणी टिपणात पायरीच नव्हती. दोन ठिकाणी पायरी जुनी होती. सातव्या ठिकाणी माझ्या बोटांना सवय असलेला एक आदेश होता. तो मी कधी शब्दांत मांडलाच नव्हता, म्हणून तो कुठेही नव्हता. दुरुस्त्या तिने स्वतः लिहिल्या, तिच्या शब्दांत. दुसऱ्या खेपेला दोन ठिकाणी अडली. तिसरं डिप्लॉयमेंट तिने खऱ्या सर्व्हरवर केलं, चौदा तारखेला दुपारी, आणि मला ते झाल्यावर कळलं.

पाचव्या आठवड्यात आम्ही उलटं बसलो. तिने मला प्रणाली समजावली आणि मी ऐकलं. नाउर म्हणतात ती समज किती आली आहे हे मोजायचा मला माहीत असलेला एवढाच मार्ग आहे. तिला मी एक काल्पनिक मागणी दिली: म्हशीच्या दुधाला संध्याकाळच्या पाळीला वेगळा दर लावायचा, तर कुठे हात घालशील? ती `rates` मध्ये गेली, मग थांबून म्हणाली, पाळी ठरते ती वेळेवरून, आणि वेळ आधी भारतीय करून घ्यावी लागेल. तिथे मला बरं वाटलं. मग तिने असा प्रश्न विचारला, जो माझ्या टिपणाच्या बावीस पानांत नव्हता.

“सर, नवं दरपत्रक येतं कुठून?”

मी म्हणालो, संघाच्या ऑफिसमधून व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, त्यांचाच एक जण तो बघून स्क्रीनवर आकडे भरतो.

“आणि ते बरोबर भरले का, हे कोण बघतं?”

मी बघायचो. दर बदलाच्या आदल्या रात्री फोटो आणि स्क्रीन शेजारी ठेवून साडेतीन फॅटची ओळ आणि साडेसहा फॅटची ओळ मिळवून पाहायचो. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा दोन ओळी उलट्या भरलेल्या सापडल्या होत्या, तेव्हापासून करत आलो होतो. तिने वही ओढली आणि विचारलं, कोणत्या दोन ओळी, किती वाजता, आणि फरक सापडला तर ऑफिसात कुणाला फोन करायचा.